बदली झाली आहे: वर्ग सोपवताना प्रत्येक मुलाबद्दल नेमके काय लिहून ठेवावे?

मलप्रभाकाठची बाई

नमस्कार. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत मी पाचवीची वर्गशिक्षिका आहे. ही २७ मुले चौथीपासून माझ्याकडेच आहेत. यंदाच्या कौन्सेलिंगमध्ये माझी बदली झाली असून दहा-बारा दिवसांत मला कार्यमुक्त करतील. माझ्या जागी कोण येणार हे अजून ठरलेले नाही. कदाचित काही महिने अतिथी शिक्षकच असतील. त्यामुळे येणाऱ्यांशी समोरासमोर बोलणे होईल याची खात्री नाही, म्हणून प्रत्येक मुलाबद्दल लिहून ठेवण्याचे मी ठरवले.

दोन रात्री बसून २७ मुलांचे लिहून काढले. तिसऱ्या दिवशी वाचले, तेव्हा नऊ मुलांपुढे मी जवळजवळ एकच वाक्य लिहिलेले दिसले: 'वाचन-लेखनात कमकुवत आहे, वैयक्तिक लक्ष द्यावे.' ही नऊ मुले एकमेकांसारखी मुळीच नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही कागदावर ती एकसारखी का उतरली, हे मला समजेना.

एका मुलाबद्दल लिहिलेले जसेच्या तसे देते: 'वर्गात लक्ष नसते. श्रुतलेखन फार कच्चे. एकाच सूचनेसाठी दोन-तीनदा हाक मारावी लागते. स्वभावाने शांत. गणितात बरा. पालक लक्ष देत नाहीत.' हे वाचून नव्या शिक्षकांना दुसऱ्या दिवशी वर्गात काय करता येईल? मला वाटते, काहीच नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हुक्केरीचे गुरुजी

बाई, चार्ज देताना घाई करू नका. कपाटांच्या किल्ल्या, साठा नोंदवही, ग्रंथालयाची पुस्तके, विज्ञानपेटी, दूध पावडर आणि धान्याचा शिल्लक साठा या सर्वांची चार्ज लिस्ट दोन प्रतींत करून दोन्हींवर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. माझ्या एका बदलीच्या वेळी नकाशांची एक गुंडाळी यादीत राहून गेली आणि त्यासाठी मला पुढे दीड वर्ष पत्रव्यवहार करावा लागला.

मलप्रभाकाठची बाई

गुरुजी, आभारी आहे. सामानाची यादी झाली आहे आणि नकाशे पुन्हा मोजून घेते. माझा प्रश्न मात्र मुलांबद्दलचा आहे. कपाटाच्या किल्लीसाठी दोन प्रती कराव्या लागतात, पण २७ मुलांसाठी एकही कागद कोणी मागत नाही, यामुळेच मी हा धागा काढला.

बेळगाव ग्रामीण

वेगळा कागद कशाला हवा? विद्यार्थ्यांची सर्व माहिती सॅट्स प्रणालीवर असते. चारही रूपात्मक आणि दोन्ही संकलित मूल्यमापनांचे गुण, हजेरी आणि जन्मतारीख तेथे मिळते आणि नवे शिक्षक ती पाहू शकतात. आपण वेगळे काही लिहिले आणि ते गुणांशी जुळले नाही, तर विनाकारण प्रश्न निर्माण होतील.

निवृत्त हेडमास्तर

बेळगाव ग्रामीण यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सॅट्सवर जे आहे ते कागदावर पुन्हा उतरवण्यात वेळ घालवू नये. पण तेथे मुलाला किती गुण मिळाले एवढेच दिसते. तो कोठे अडला हे तेथे दिसत नाही. दहापैकी चार गुण मिळवलेली दोन मुले अगदी वेगवेगळ्या कारणांनी तेथवर आलेली असू शकतात.

बाई, तुमच्या नोंदीतील प्रत्येक वाक्य हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. ज्यावरून तो काढला, ते पाहिलेले मात्र कागदावर नाही. 'लक्ष नसते' हे तुम्ही पाहिलेले नाही. हाक मारल्यावर त्याने मान वळवली नाही, हे पाहिले आहे. 'पालक लक्ष देत नाहीत' हेही तसेच. बैठकीला कितीदा आले आणि कितीदा आले नाहीत, एवढेच तुम्हाला माहीत असणार. माझी सवय अशी होती की, प्रत्येक मुलाबद्दल तो कोणाच्याही मदतीशिवाय काय करतो, नेमका कोठे थांबतो आणि थांबल्यावर मी काय केले म्हणून तो पुढे सरकला, एवढेच लिहायचे. जे करून पाहिले पण उपयोग झाला नाही, तेही लिहायचे, म्हणजे पुढच्याचे सहा महिने वाचतात.

आता या मुलाबद्दल एक विचारतो. फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवताना त्याच्या चुका होतात का? गेल्या वर्षभरात त्याचे श्रुतलेखन सारखेच कच्चे होते, की कधी बरे आणि कधी वाईट? जुन्या वह्या असतील तर काढून पाहाव्यात.

मलप्रभाकाठची बाई

वह्या काढून पाहिल्या, आणि जे दिसले ते गेल्या वर्षीच मला का दिसले नाही याचे फार वाईट वाटते.

उतरवून काढण्यात त्याची चूक जवळजवळ नाही. अक्षर सुवाच्य आहे आणि जोडाक्षरेही नीट आहेत. श्रुतलेखन मी दर शनिवारी दहा शब्दांचे घेते. गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबर त्याचे तीन किंवा चार शब्द बरोबर आहेत. दिवाळीनंतर ते वाढत गेले आणि जानेवारी-फेब्रुवारीत आठवर पोहोचले. मी तेव्हा वहीवर 'प्रगती, शाबास' असा शेरा मारला होता. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात सात होते, गेल्या शनिवारी पुन्हा चार. चुकाही विशिष्ट प्रकारच्या आहेत: 'माती'च्या जागी 'नाती', 'कान'च्या जागी 'तान', आणि लांब शब्दांचे शेवटचे अक्षर गाळलेले.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात त्याचा उजवा कान वाहतो. आमच्याकडे पावसात अनेक मुलांचे कान वाहतात, आई कानात कापूस घालून शाळेत पाठवते आणि कोणी त्याचे विशेष मानत नाही. मीही मानले नव्हते.

संसाधन शिक्षक

मी विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुक्यातील शाळांना भेटी देतो. बाई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. या वह्या जपून ठेवल्यात म्हणूनच हे दिसले. ज्या मुलाची मूळ अडचण वाचनाची असते, त्याचे श्रुतलेखन ऋतूप्रमाणे सहसा बदलत नाही. वाहणाऱ्या कानाचे ऐकणे मात्र कमी-जास्त होत राहते. कान कोरडा असेल तेव्हा बरे, पाणी येऊ लागले की कमी. म्हणूनच अशी मुले निसटतात, कारण ज्या महिन्यात आपण तपासतो त्या महिन्यात त्यांना ऐकू येत असते.

वर्गात करता येण्याजोगी एक पडताळणी सांगतो. त्याला अर्थासह माहीत असलेले, त्याच्या रोजच्या बोलण्यातले तीस शब्द निवडा आणि त्यांचे सारख्याच अवघडपणाचे तीन गट करा. पहिले दहा त्याच्या समोर, चेहरा दिसेल असे, नेहमीच्या आवाजात सांगा. दुसरे दहा तेवढ्याच अंतरावरून आणि तेवढ्याच आवाजात, पण त्याच्या मागे उभे राहून सांगा. तोंडापुढे कागद धरू नका. त्याने आवाजच दबतो आणि पडताळणी फसते. तिसरे दहा नुसते उतरवायला द्या. हेच सारे ज्यांना नीट ऐकू येते याची तुम्हाला खात्री आहे अशा दोन मुलांनाही करायला लावा, नाहीतर चूक शब्दांची की कानाची हे कळणार नाही.

याला मर्यादा आहेत. एक कान चांगला असेल तर शांत खोलीत मूल सगळे बरोबर लिहील आणि गोंगाटात अडेल. ज्या घरात कन्नड किंवा कोंकणी बोलतात, तेथील मुलाला शब्दच नवा असेल तर तो कानामुळे नव्हे, भाषेमुळे चुकेल. म्हणून निकाल काहीही आला तरी नोंदीत 'बहिरेपणा' किंवा असे कोणतेही नाव लिहू नका. ते नाव देण्याचे काम डॉक्टरांचे. तुम्ही काय केले आणि काय दिसले, तेवढेच लिहा.

चिकोडीचा पालक

मी शिक्षक नाही, पण हा विषय माझ्या घरात घडला आहे, म्हणून लिहितो. माझ्या मुलीला फिट येते. तिसरीच्या बाईंना सर्व माहीत होते. बाईंची बदली झाली आणि नव्या शिक्षकांना कोणी काहीच सांगितले नाही. आम्हालाही वाटले की शाळेला माहीत आहे. ऑगस्टमध्ये वर्गात फिट आली, तेव्हा मुलांनी घाबरून तिच्या नाकाशी चप्पल धरली, हातात किल्ली दिली आणि कोणीतरी दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला. त्यात तिचा पुढचा दात तुटला. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या हातात काही नव्हते.

आता मी स्वतः दरवर्षी जूनमध्ये एक कागद देतो: तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, एका कुशीवर वळवून डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यावे. बाई, तुमच्या २७ मुलांत असे कोणी असेल तर ते सर्वांत वर लिहा.

मलप्रभाकाठची बाई

दादा, वाचून मन हेलावले. माझ्या वर्गात फिट येणारे कोणी नाही. पण एका मुलीला गांधीलमाशी चावल्यावर अंगभर गांधी उठून श्वास लागतो आणि हे मी कोठेच लिहिले नव्हते, कारण ते 'अभ्यासाचे' नव्हते. आता प्रकृतीचा वेगळा कागद केला असून त्यात तीन मुले आहेत.

संसाधन शिक्षक यांनी सांगितलेली पडताळणी काल केली. त्या मुलाचे समोरून सात शब्द बरोबर, मागून तीन, उतरवलेले दहाच्या दहा. सोबतच्या दोन मुलांपैकी एकाचे समोरून आणि मागून नऊ-नऊ, दुसऱ्याचे आठ आणि नऊ. मागून शब्द सांगताना तो दोनदा वळून माझ्या तोंडाकडे पाहायला निघाला. तेव्हा आठवले की वर्गातही तो असाच बघत असतो, आणि मी फळ्याकडे तोंड करून सांगितले की शेजाऱ्याच्या वहीत पाहतो. त्यासाठी मी त्याला कितीदा रागावले आहे.

संसाधन शिक्षक

आता उशीर नको. वडिलांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला सांगा आणि तेथून कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, पण ते जानेवारीत आले तर कान कोरडा असेल. त्यामुळे त्याची वाट पाहू नये. घरी कानात गरम तेल किंवा लसणीचे तेल घालत असतील तर ते बंद करायला सांगा, कारण पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाते. आंघोळीच्या आणि पोहण्याच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये.

वर्गात डावा कान शिक्षकांकडे येईल असे बसवा. तुमची शाळा पत्र्याची आहे का?

मलप्रभाकाठची बाई

पत्र्याचीच आहे. जुलैच्या पावसात पत्रा वाजू लागला की मलाही ओरडून बोलावे लागते, आणि तो बसतो खिडकीकडच्या शेवटच्या ओळीत. उंच आहे म्हणून मीच त्याला तेथे बसवले होते.

नोंद पुन्हा लिहिली आहे. सर्वांनी पाहावी:

'उजवा कान पावसाळ्यात वाहतो. १० शब्दांच्या श्रुतलेखनात गेल्या जुलै ते सप्टेंबर ३-४ बरोबर, जानेवारी-फेब्रुवारीत ८, यंदा जुलैत ४. परिचित शब्द समोरून सांगितल्यावर ७, मागून सांगितल्यावर ३, पुस्तकातून उतरवताना १०. वडिलांना आरोग्य केंद्रात न्यायला सांगितले आहे. गेले की नाही हे विचारावे. पहिल्या ओळीत भिंतीच्या बाजूला बसवावे, म्हणजे डावा कान वर्गाकडे येतो. सूचना फळ्याकडे तोंड करून देऊ नये. पाऊस जोरात असेल तेव्हा शब्द फळ्यावर लिहून द्यावेत. तोंडी परीक्षा त्या दिवशी घेऊ नये. चुकलेले शब्द दहादा लिहायला लावले, त्याचा उपयोग झाला नाही. शेजाऱ्याच्या वहीत पाहतो ते सूचना कळण्यासाठी. त्याबद्दल रागावू नये.

सकाळी डेअरीला दूध तोच घालतो. पावतीवरील लिटर, फॅट आणि दर वाचतो. साडेतीन लिटरचे ४८ रुपयांनी १६८ रुपये होतात हे तोंडी सांगतो, पण तेच उदाहरण पुस्तकातील शब्दांत दिले तर थांबतो. दशांश अपूर्णांक शिकवताना डेअरीची पावती आणायला सांगावी आणि त्यालाच इतरांना समजावू द्यावे. फळ्यापुढे उभा असला की स्पष्ट बोलतो.'

निवृत्त हेडमास्तर

आता हा मुलगा मला डोळ्यांपुढे दिसतो. पहिल्या कागदावर तुम्ही 'गणितात बरा' लिहिले होते. पावतीच्या गोष्टीने नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात त्या मुलाकडे जाण्याची वाट मिळते. फक्त प्रत्येक निरीक्षणापुढे तारीख घाला. कान बरा झाला आणि कागद मात्र तसाच राहिला, तर दोन वर्षांनीही तो 'ऐकू न येणारा मुलगा' म्हणूनच ओळखला जाईल.

उरलेल्या आठ मुलांसाठी एवढे सविस्तर लिहिण्याची गरज नाही. काहींना दोन ओळी पुरतील. पण आठांपुढे एकच वाक्य नको.

नवी शिक्षिका, खानापूर

माझे मत थोडे वेगळे आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला असाच कागद मिळाला होता आणि त्यात एका मुलापुढे 'खोडकर, घरचे वळण नाही' असे लिहिले होते. वर्गात काही पडले, फुटले की माझी नजर आधी त्याच्याकडे जाई. दिवाळीपर्यंत मी त्याला एकही जबाबदारी दिली नव्हती. पुढे योगायोगाने घंटा द्यायचे काम त्याच्याकडे आले आणि उरलेले वर्ष त्याने एकदाही वेळ चुकवली नाही. तो कागद मला मिळाला नसता तर त्या मुलाचे पाच महिने वाचले असते. मुलांना नव्या नजरेने पाहिले जाण्याचा हक्क नाही का?

निवृत्त हेडमास्तर

तुमचा अनुभव खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. म्हणूनच मी दोन पाकिटे करीत असे. प्रकृतीचे, बसण्याच्या जागेचे आणि घरी कोण न्यायला येते याचे पहिल्याच दिवशी वाचायचे. अभ्यास आणि स्वभावाचे दोन आठवड्यांनंतर, स्वतःच्या नोंदी झाल्यावर. दोन्ही जुळत नसतील तेथे पुन्हा पाहायचे.

नवी शिक्षिका, खानापूर

दोन पाकिटांची पद्धत मला आवडली. तरी दुसरे पाकीट दोन आठवडे न उघडण्याइतका संयम किती जणांकडे असेल, याबद्दल मला शंका आहे. माझ्याकडे तेव्हा नव्हता.

रायबागचा शिक्षक

आमच्याकडे वर्ग सोपवणे वर्षातून एकदा नसते. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुले येतात, टोळी उठली की जातात. पाच महिन्यांत मी त्यांच्याबद्दल जे शिकतो ते माझ्याजवळच राहते. पुढे ती कोणत्या गावात, कोणत्या शाळेत बसतील हे मलाही ठाऊक नसते. दोन वर्षांपासून मी एक पानभर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती देतो. गेल्या हंगामात एक मुलगी परत आली, तेव्हा तिच्या आईने तीच पिशवी काढून दिली. पुढच्या शाळेत ती कोणी पाहिली होती का, हे तिला सांगता आले नाही.

संसाधन शिक्षक

पान पालकांच्या हाती देणे मला योग्य वाटते. पालकांना वाचून दाखवता येणार नाही असे वाक्य लिहूच नये, ही कसोटी मी स्वतःसाठी ठेवली आहे.

मलप्रभाकाठची बाई

या कसोटीपाशीच माझे एक पान अडले आहे. एका मुलीचे वडील दारू पितात. रात्री गोंधळ झाला की ती सकाळी उशिरा येते आणि पहिल्या तासाला बाकावर डोके ठेवून झोपते. मी तिला झोपू देते आणि दुसऱ्या तासाला उठवते. त्यानंतर ती दिवसभर चांगले काम करते. हे लिहिले नाही तर नवे शिक्षक तिला उभे करतील. लिहिले तर तिच्या घरचे शाळेच्या कागदावर कायमचे नोंदले जाईल.

निवृत्त हेडमास्तर

कारण लिहू नका, कृती लिहा. 'काही दिवस उशिरा येते. पहिला तास झोपू द्यावे, दुसऱ्या तासाला उठवावे, सर्वांसमोर कारण विचारू नये.' एवढे पुरे.

नवी शिक्षिका, खानापूर

क्षमा असावी, पण एवढे पुरेसे वाटत नाही. उद्या त्या घरात काही घडले तर शाळेतील एका तरी माणसाला ते माहीत असायला हवे. हे कागदावर न लिहिता मुख्याध्यापकांना तोंडी सांगावे.

बेळगाव ग्रामीण

माझे पहिले मत मी बदलतो, कागद हवा. एक व्यवहाराची गोष्ट मात्र सुचवतो. येणाऱ्या शिक्षकांची पहिली भाषा कन्नड असू शकते. प्रकृतीचा कागद तरी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावा.

मलप्रभाकाठची बाई

सूचना फार मोलाची आहे. आमच्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी कालच तीन मुलांचे पान कन्नडमध्ये उतरवून दिले.

परवा मी कार्यमुक्त होत आहे. मुलाला पहिल्या ओळीत भिंतीकडे बसवले आहे. मंगळवारी त्याचे वडील त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. औषध आणि तालुक्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळाली आहे, तारीख आणि चिठ्ठीची प्रत नोंदीला जोडली आहे. दोन पाकिटे मुख्याध्यापकांकडे दिली. त्या मुलीच्या पानावर हेडमास्तरांनी सांगितलेली कृती लिहिली आहे. तोंडी सांगायचे ते मुख्याध्यापकांना सांगावे, की मुलीच्या आईला आधी विचारावे, हे मात्र अजून ठरत नाही. उद्या संध्याकाळी आई तिला न्यायला येईल, तेव्हा तिच्याशी बोलेन.